गटाचं कर्ज की बँकेचं? व्याजदराच्या पुढची तुलना

प्रश्न: एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विकासाच्या अर्थशास्त्रासाठी टर्म पेपर लिहायचाय: महिला उद्योजकांसाठी मायक्रोफायनान्सचं गटकर्ज बरं की बँकेचं कर्ज? गटाचं व्याज २४ टक्के, बँकेचं १२, मग बायका गटाकडेच का जातात? आणि गटांची वसुली ९८ टक्के असते म्हणजे ते यशस्वी, असं लिहिता येईल का? आमच्या तालुक्यात ४० जणींशी बोलायची सोय आहे.

उत्तर: मी अकरा वर्षं मराठवाड्यातल्या एका ग्रामीण शाखेत कर्जाचं टेबल सांभाळलं आणि पुढची नऊ वर्षं गटकर्ज देणाऱ्या संस्थेत काढली. या विषयावरचे बरेच पेपर विद्यार्थ्यांनी मला वाचायला दिले. त्यांतले बहुतेक पहिल्याच पानावर अडकतात, कारण 'बँक' आणि 'मायक्रोफायनान्स' या दोन शब्दांनी नेमकं काय वेगळं होतं तेच ठरलेलं नसतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

बंधन २०१५ साली बँक झाली. उज्जीवन, इक्विटास, जना या आधी मायक्रोफायनान्स कंपन्या होत्या, आता त्या स्मॉल फायनान्स बँका आहेत. म्हणजे पाच-दहा बायकांना एकमेकींची हमी घ्यायला लावून, केंद्र बैठकीत हप्ता गोळा करणारी संस्था कागदोपत्री बँक असू शकते. शिवाय रिझर्व्ह बँकेचे जे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले, त्यांत मायक्रोफायनान्सची व्याख्या देणाऱ्या संस्थेवरून केलेली नाही, घेणाऱ्या घरावरून केली आहे: वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला तारणाशिवाय दिलेलं कर्ज. त्यामुळे राष्ट्रीयीकृत बँकेने अशाच घरातल्या बाईला तारण न घेता दिलेले ४० हजारसुद्धा या व्याख्येत बसतात. तुम्ही पेपरात 'बँक विरुद्ध मायक्रोफायनान्स' असं लिहिलंत, तर तुमच्या ४० जणींपैकी निम्म्या कुठल्या रकान्यात टाकायच्या हे तुम्हालाच सांगता येणार नाही. तुलना संस्थांची करू नका, कर्ज देण्याच्या पद्धतींची करा. एकीकडे सामूहिक हमीचं, घराजवळ मिळणारं, ठरावीक हप्त्यांचं लहान कर्ज. दुसरीकडे एकटीच्या नावावर, शाखेत अर्ज करून, कागदपत्रांवर मंजूर होणारं कर्ज. मुद्रा योजनेतलं 'शिशु' म्हणजे ५० हजारांपर्यंतचं कर्ज या दुसऱ्या प्रकारासाठी सोयीचं उदाहरण आहे, कारण रक्कम गटकर्जाच्या आसपासचीच असते.

बचत गट मात्र तिसरा प्रकार समजा. नाबार्डने १९९२ मध्ये बँकांशी जोडायला सुरुवात केलेले, आपल्याकडे माविम आणि उमेद या सरकारी यंत्रणांचे गट पाच जणींच्या सामूहिक हमीच्या गटापेक्षा, म्हणजे जेएलजीपेक्षा, वेगळे असतात. बचत गटात बायका आधी स्वतःची बचत जमवतात, त्यातून एकमेकींना महिना शेकडा दोननं वगैरे कर्ज देतात, आणि ते व्याज गटाच्याच पेटीत परत येतं. कंपनीला दिलेलं २४ टक्के व्याज आणि आपल्याच पेटीत टाकलेलं २४ टक्के व्याज एका रकान्यात मांडलं, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. दोन हजार शब्दांच्या पेपरात तिन्ही प्रकार पेलणार नाहीत. बचत गट बाजूला ठेवा, आणि ठेवला आहे हे एका वाक्यात लिहा.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे, २४ आणि १२. आधी खात्री करा की दोन्ही दर एकाच पद्धतीने मोजलेले आहेत. गावात अजूनही 'महिना एक टक्का' असं सांगणारे भेटतात. ४० हजारांवर वर्षाचे सरळ १२ टक्के म्हणजे ४,८०० रुपये व्याज, आणि ४४,८०० चे बारा हप्ते, प्रत्येकी ३,७३३ चे. पण मुद्दल तर दर महिन्याला कमी होत जातं, व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या रकमेवर लागत राहतं. शिल्लक रकमेवर मोजलं तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत कळतं:

```
=RATE(12,-3733.33,40000)*12
```

प्रत्येकीच्या कर्जासाठी हे करा. कार्डावर छापलेला दर उतरवून घेऊ नका. हप्ता किती, हप्ते किती आणि हातात प्रत्यक्ष किती रक्कम पडली, हे तीन आकडे घ्या आणि दर स्वतः काढा. हातात पडलेली रक्कम मुद्दाम म्हणते आहे, कारण प्रोसेसिंग फी आणि विम्याचा हप्ता आधीच कापून घेतलेला असतो.

समजा दोन्ही दर खरोखर शिल्लक रकमेवरचे आहेत. एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवते. यातले खर्चाचे आकडे मी मांडलेले आहेत, तुमचे तुम्हाला बायकांकडून गोळा करावे लागतील. तालुक्यापासून वीस किलोमीटरवर राहणारी, ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश शिवणारी एक बाई घ्या. तिला पिको-फॉलचं मशीन आणि कापडासाठी ४० हजार हवेत, एका वर्षात फेडायचे आहेत.

गटाकडून २४ टक्क्यांनी घेतले तर हप्ता ३,७८२ चा आणि वर्षाचं व्याज ५,३८९. त्यावर एक टक्का फी आणि फीवरचा जीएसटी मिळून ४७२. महिन्याला एक बैठक, प्रत्येक वेळी एक तास. तिच्या शिवणकामाच्या एका तासाची किंमत ४५ रुपये धरली, तर बारा बैठकांचे ५४०. एकूण ६,४०१ रुपये. बँकेकडून १२ टक्क्यांनी घेतले तर हप्ता ३,५५४ चा आणि व्याज फक्त २,६४७. फी शून्य धरू. पण शाखेत जावं लागतं: चौकशीला एकदा, कोटेशन आणि कागद द्यायला एकदा, साहेब रजेवर म्हणून एकदा, सह्यांना एकदा, पैसे जमा झाले का पाहायला एकदा. पाच फेऱ्या, प्रत्येकीत दिवसाची ३५० रुपयांची कमाई बुडते आणि अर्ध्या तिकिटात एसटी धरूनही जाण्या-येण्याला आणि चहापाण्याला ६० जातात. हे २,०५०. झेरॉक्स, फोटो, उद्यम नोंदणी करून देणाऱ्याचे पैसे असे ३००. म्हणजे व्याज धरून बँकेच्या कर्जाची किंमत ४,९९७.

व्याजात २,७४२ रुपयांचा फरक होता. सगळा खर्च धरल्यावर तो १,४०४ वर आला. बँक अजून स्वस्तच आहे. पण खर्चाचा स्वभाव बघा. गटाची किंमत कर्जाच्या रकमेबरोबर वाढते. बँकेच्या फेऱ्यांची किंमत ठरलेली आहे, कर्ज १५ हजारांचं असो की दीड लाखाचं. त्यामुळे एक रक्कम अशी असणारच, जिच्या खाली गट स्वस्त आणि वर बँक स्वस्त. वरच्या आकड्यांवरून ती काढता येते. गटाचा जादा खर्च दर शंभराला साधारण ८.०३ रुपये (व्याजातला फरक ६.८५ आणि फी १.१८), बँकेचा जादा ठोक खर्च १,८१० (२,३५० वजा ५४०). भागाकार केला की उत्तर येतं सुमारे २२,५०० रुपये.

आणि अजून एक गोष्ट यात धरलेलीच नाही: अर्ज नामंजूर होणं. समजा दोन अर्जांपैकी एकच मंजूर होतो, आणि नामंजूर अर्जालाही तेवढ्याच फेऱ्या लागतात. मग एका मिळालेल्या कर्जामागे फेऱ्यांचा खर्च दुप्पट, ४,७०० होतो. ठोक खर्चातला फरक ४,१६० वर जातो आणि ती सीमारेषा सुमारे ५१,८०० वर सरकते. म्हणजे जवळजवळ अख्खं 'शिशु' कर्ज तिच्या हिशेबात गटापेक्षा महाग पडू लागतं. 'स्वस्त बँक सोडून बायका महाग गटाकडे का जातात' याचं उत्तर अडाणीपणात शोधणारे पेपर मी वाचलेत, आणि दर वेळी राग येतो. तिचा हिशेब बरोबर असतो. आपण तिच्या वहीतले दोन रकाने वगळलेले असतात.

वरच्या टोकाला चित्र उलटं आहे. तीन वर्षांसाठी दोन लाख घेतले तर १२ टक्क्यांनी व्याज सुमारे ३९,१०० आणि २४ टक्क्यांनी सुमारे ८२,५००. इथे फेऱ्यांचा खर्च पाच हजार झाला काय नि दहा झाला काय, बँकेचंच कर्ज घ्यावं. म्हणून 'कोणतं बरं' यापेक्षा 'किती रकमेपासून बँक परवडते, आणि ती सीमारेषा कशामुळे सरकते' हा प्रश्न पेपरासाठी जास्त ताकदीचा आहे. तुमच्या ४० मुलाखतींतून तो सुटू शकतो. 'कोणतं बरं' हा सुटणार नाही, त्याचं कारण सांगते.

ज्यांना बँकेचं कर्ज मिळालं त्या बायका आणि ज्या गटात राहिल्या त्या बायका मुळात एकसारख्या नसतात. बँकेत पोचलेलीचं दुकान जुनं असतं, नवरा किंवा भाऊ नोकरीत असतो, सिबिल तयार असतं, साहेबांसमोर बोलायची भीड चेपलेली असते. तिची कमाई जास्त निघाली तर ती बँकेच्या कर्जामुळे की या सगळ्यामुळे? सरासऱ्यांची वजाबाकी करून हे कळत नाही, आणि वय-शिक्षण घालून प्रतिगमन चालवलं तरी कळत नाही, कारण धाडस आणि ओळखी तुमच्या प्रश्नावलीत नसतात. अर्थशास्त्रज्ञांना यादृच्छिक प्रयोग करावे लागले ते याचसाठी.

त्यातले तुमच्या कामाचे थोडेच सांगते. पहिला हैदराबादचा, बॅनर्जी, डुफ्लो, ग्लेनर्स्टर आणि किनन यांचा, २०१५ मध्ये छापलेला. १०४ वस्त्यांपैकी निम्म्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून तिथे गटकर्ज सुरू केलं. घरखर्चाची सरासरी वाढली नाही, बाईच्या घरातल्या अधिकारात फरक दिसला नाही. मात्र ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांनी त्यात जास्त गुंतवणूक केली, आणि नफा वाढला तो मुख्यतः आधीच वरच्या पायरीवर असलेल्या धंद्यांचा. हा निष्कर्ष गटकर्ज विरुद्ध काहीच नाही असा आहे, गट विरुद्ध बँक असा नाही. पेपरात हा फरक पाळा. अनेक जण तो सरळ बँकेच्या बाजूने पुरावा म्हणून वापरतात.

गट आणि वैयक्तिक कर्जाची थेट तुलना दोन ठिकाणी मिळेल. फिलिपिन्समध्ये जिने आणि कार्लन यांनी एका बँकेच्या चालू गटांपैकी काहींची सामूहिक हमी काढून टाकली, बैठका तशाच ठेवल्या. थकबाकी वाढली नाही. मंगोलियात अटानासिओ आणि सहकाऱ्यांनी काही गावांत गटकर्ज, काही गावांत वैयक्तिक कर्ज दिलं. परतफेडीत फरक नव्हता, पण गटकर्जाच्या गावांत बायकांचे धंदे आणि घरातलं खाणं वाढलं, वैयक्तिक कर्जाच्या गावांत तसं दिसलं नाही. दोन्ही एकत्र ठेवून वाचले की कळतं, 'गट' ही एक वस्तू नाही, गाठोडं आहे: हमी, बैठक, हप्त्याची वेळ, कर्जाचा आकार. वसुली टिकवायला हमी लागतेच असं नाही. बैठकीत सगळ्यांसमोर हप्ता मोजण्याची सवय बरंच काम करत असावी, असं माझं क्षेत्रातलं मत आहे.

गाठोड्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धागा हप्त्याची वेळ आहे, आणि त्यावर पेपरात किमान एक पान द्या. एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी कोलकात्यात काही गटांना पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी भरायला सांगितला. कर्ज तेच, व्याज तेच. या गटांतल्या बायकांनी धंद्यात जास्त पैसे घातले आणि तीन वर्षांनंतरही त्यांचा नफा जास्त होता. पण कर्ज थकवणाऱ्यांचं प्रमाणही त्यांच्यात जास्त निघालं. आपल्या शिवणकामवालीला लावून बघा. जूनच्या गणवेशांसाठी ती एप्रिलमध्ये कर्ज घेते. कापड आणि मशीनमध्ये ४० हजार गेले, शाळेचे पैसे यायला जुलै उजाडतो, पण मे महिन्यात ३,७८२ चा पहिला हप्ता उभा. तो कुठून भरणार? म्हणून ती ४० पैकी आठ-दहा हजार घरातच ठेवते, पुढच्या हप्त्यांसाठी. व्याज ४० वर चालू, धंद्यात ३० च. लगेच सुरू होणारा हप्ता संस्थेला सुरक्षित ठेवतो आणि बाईला हळू परतावा देणाऱ्या धंद्यापासून लांब ठेवतो. शेळ्या, मशीन, हंगामी माल यांपेक्षा रोज पैसा फिरणारा भाजीचा गाडा त्या हप्त्याला झेपतो. मुलाखतीत हे पकडायचं असेल तर एकच प्रश्न विचारा: कर्ज हातात आल्यावर पहिल्या महिन्यात त्यातले किती रुपये कशाला गेले?

आता ९८ टक्के वसुली. हा आकडा हप्ता आला एवढंच सांगतो, कुठून आला ते सांगत नाही. एकीचा हप्ता अडला की बाकीच्या चौघी वर्गणी काढतात. नाहीतर ती मंगळसूत्र गहाण ठेवते, सावकाराकडे जाते, किंवा दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढून पहिलीचा हप्ता भरते. चारही प्रकारांत संस्थेच्या पटावर शंभर टक्के वसुली दिसते. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये मायक्रोफायनान्सचं संकट फुटलं, ऑक्टोबरमध्ये सरकारला वटहुकूम काढावा लागला, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तिथल्या कंपन्यांची वसुली उत्कृष्ट दिसत होती. आताच्या नियमांत घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत असं बंधन आहे, पण ते उत्पन्न बाईने सांगितलेलं आणि कर्मचाऱ्याने लिहिलेलं असतं. त्यामुळे 'हप्ता वेळेवर भरता का' विचारू नका, सगळ्या हो म्हणतील. 'मागचा हप्ता भरला तेव्हा पैसे कुठून आले, आणि त्याच्या आधीचा?' असं विचारा. धंद्यातून, मजुरीतून, नवऱ्याच्या पगारातून, उसने, दुसऱ्या कर्जातून, असे रकाने करा. चाळीस जणींचा हा एक तक्ता तुमच्या पेपरातला सर्वांत मोलाचा ठरेल.

यालाच जोडून: कर्ज कोणाच्या नावावर आणि पैसा कोणाच्या धंद्यात. बर्नहार्ड, फील्ड, पांडे आणि रिगोल यांनी २०१९ मध्ये भारत, श्रीलंका आणि घाना इथल्या प्रयोगांची माहिती पुन्हा तपासली. बायकांच्या धंद्यात भांडवल घातलं तर नफा वाढत नाही, असं त्याआधी दिसलं होतं. त्यांनी दाखवलं की घरात नवऱ्याचाही धंदा असेल तर पैसा तिकडे वळतो. घरातला एकमेव धंदा बाईचा असेल, तर तिच्या भांडवलाचा परतावा पुरुषांइतकाच निघतो. म्हणून तुमच्या चाळीस जणी निवडताना घरात दुसरा धंदा आहे की नाही, याची नोंद पहिल्या पानावर करा आणि दोन्ही गटांचे निकाल वेगळे मांडा. नाहीतर नवऱ्याच्या रिक्षाची बॅटरी तिच्या पापड उद्योगाच्या अपयशात जमा होईल.

चाळीस जणी कोणत्या, यावर माझा आग्रह आहे. वीस गटातल्या आणि वीस बँकेच्या असं करू नका, निवडीचा दोष तिथेच शिरतो. गटाची दोन-तीन कर्जं फेडलेल्या आणि त्यानंतर बँकेत अर्ज केलेल्याच बायका शोधा, मंजूर झालेल्या आणि नाकारलेल्या दोन्ही. एवढ्या नाही मिळाल्या तर तीसवर थांबा. सगळ्या एका पायरीपर्यंत आलेल्या असल्याने तुलना बरीच सरळ होते, आणि दोन्ही पद्धतींचा अनुभव एकाच तोंडून ऐकायला मिळतो. तरीही कारण-परिणाम सिद्ध केल्याचा दावा करू नका. सीमारेषा किती, ती कशाने सरकते, हप्त्याचा पैसा कुठून येतो, एवढ्यावर ठाम राहा.

शेवटी एक चूक सांगते, ती मीच केली होती. एका पाहणीत वेळ वाचावा म्हणून मी केंद्र बैठकीतच प्रश्न विचारले, वसुली करणारा मुलगा शेजारी बसलेला. बावीस जणींपैकी एकीनेही दुसरं कर्ज असल्याचं सांगितलं नाही. पंधरा दिवसांनी त्यातल्या काहींच्या घरी एकटी गेले, तेव्हा डब्यातून दोन-दोन, तीन-तीन कार्डं निघाली. संस्थेने ओळख करून दिली असेल तर पहिल्या दिवसापुरती घ्या आणि पुढे एकट्याने जा. हप्त्याचा दिवस टाळा, दुपारी तीनच्या सुमारास घरी जा, आणि कार्डं बघायला मागा. तोंडी आकडा आणि कार्डावरचा आकडा वेगळा निघाला तर दोन्ही लिहून ठेवा.